चौघांचा एप्रिल

यंदाच्या अंकाचं सूत्र 'हिशोब' आहे, असं संपादकांनी कळवलं. शेअर बाजार, अर्थसंकल्प, आयुष्याचा जमाखर्च हे सगळं इतर लेखक घेणार याची मला खात्री होती. मला पाहायचा होता तो एका फ्लॅटचा हिशोब. पुण्यात शिकायला किंवा नोकरीला आलेली चार मुलं एकत्र राहतात, प्रत्येकाच्या फोनमधून दिवसाला आठ-दहा वेळा पैसे जातात, आणि महिनाअखेरीला एकच प्रश्न उरतो: कोणी कुणाला किती द्यायचे? पूर्वी खोलीवर एक वही असायची. आता वही नाही, पण प्रत्येक रुपयाची नोंद बँकेकडे आहे. मग भांडण का होतं, हे मला समजून घ्यायचं होतं.

कर्वेनगरातल्या एका टू बीएचके फ्लॅटमध्ये मला प्रवेश मिळाला तो ओळखीने. तिथे कुणी कुणाला नावाने हाक मारत नाही. नागपूरकर, लातूरकर, जळगावकर, कोल्हापूरकर, एवढंच. मीही तेच पाळतो. मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी पोहे झाल्यावर चौघे सतरंजीवर बसले आणि एप्रिलचा हिशोब काढायला लागले. जानेवारीत त्यांनी फोनवर खर्च वाटून देणारं एक ॲप घेतलं होतं. पंधरा दिवस उत्साहाने नोंदी झाल्या, मग एकाने टाळल्या, दुसऱ्याने विसरल्या आणि फेब्रुवारीत ॲप बंद पडलं. ॲपचं गणित चांगलं असतं, पण त्यात नोंद करावी लागते आणि नोंद माणसालाच करावी लागते. म्हणून हे चौघे महिनाअखेरीला उलट्या बाजूने येतात: पैसे गेले ते गेले, आता यूपीआयच्या इतिहासातून घराचे खर्च वेचून काढायचे.

बसण्याआधी मी प्रत्येकाला विचारलं, तुझा अंदाज काय? नागपूरकर म्हणाला, "काका, मी नऊ हजार आधीच देऊन टाकले, दोन्ही रविवारचं मटण मी आणलं, आणि दहा दिवस तर मी घरी नागपूरला होतो. मलाच येणं निघेल." जळगावकर म्हणाला, "रोजचं दूध, भाजी, किराणा कोण आणतं ते फक्त यादी बघा." लातूरकर आणि कोल्हापूरकर गप्प होते.

ओळ वाचायची कशी

पहिला धडा दहा मिनिटांतच मिळाला. पैसे पाठवायच्या ॲपमध्ये जो इतिहास दिसतो तो फक्त त्या ॲपमधून झालेल्या व्यवहारांचा. कोल्हापूरकरच्या फोनवर दोन ॲप आहेत, बँक खातं एकच. एका ॲपमध्ये वायफायचं बिल दिसलं, मावशींचा पगार दिसेना. तो दुसऱ्या ॲपमधून गेला होता. म्हणून खरी यादी म्हणजे बँकेचं स्टेटमेंट. खात्यातून यूपीआयने जे काही गेलं ते तिथे असतं, मग ॲप कुठलंही असो. मात्र स्टेटमेंटची भाषा रुक्ष असते. साधारण अशी:

```
UPI/DR/510212345678/SHREE GANE/YESB/paytmqr1x2y/Payment
```

यातलं `DR` म्हणजे खात्यातून गेले, `CR` असतं तर आले. त्यापुढचा बारा आकडी क्रमांक हा त्या व्यवहाराची ओळख. देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या स्टेटमेंटमध्ये तोच क्रमांक असतो, त्यामुळे वाद झाला तर दोघांनी हा एकच क्रमांक जुळवायचा. पुढे घेणाऱ्याचं नाव, तेही कापलेलं. त्यापुढे त्याची बँक, मग यूपीआय पत्ता आणि शेवटी देताना लिहिलेला शेरा. बहुतेक लोक शेरा लिहीतच नाहीत.

नाव तरी उपयोगी पडावं, पण तिथेही गंमत आहे. भाजीवाल्याच्या गाड्यावरचा क्यूआर त्याच्या मुलाच्या खात्याचा असतो, किराणा दुकानावर पाटी एक आणि खात्याचं नाव दुसरंच. जळगावकरच्या यादीत एका अनोळखी बाईचं नाव अकरा वेळा आलं आणि बाकीच्यांनी त्याच्याकडे मिस्कीलपणे पाहिलं. ती दूधवाल्याची बायको निघाली. हे कळलं ते वेळेवरून. स्टेटमेंटमध्ये बहुधा नुसती तारीख असते, वेळ ॲपच्या इतिहासात मिळते. सकाळी सातच्या सुमाराची, दरवेळी तेवढ्याच रकमेची नोंद म्हणजे दूध, हे ओळखायला फार डोकं लागत नाही. म्हणजे दोन्ही याद्या लागतात: काही सुटू नये म्हणून बँकेची आणि काय होतं ते आठवावं म्हणून ॲपची.

काही पैसे मात्र दोन्हीकडे सरळ दिसत नाहीत. जळगावकर छोट्या खरेदीसाठी यूपीआय लाइट वापरतो. त्यात खात्यातून आधी थोडी रक्कम बाजूला काढून ठेवायची आणि पिन न घालता त्यातून हजार रुपयांपर्यंतचे छोटे व्यवहार करायचे. यामुळे बँकेच्या स्टेटमेंटमध्ये भाजीची एकेक ओळ येत नाही, फक्त 'लाइटमध्ये १,००० भरले' एवढंच येतं. एप्रिलमध्ये त्याने असे तीनदा भरले होते. तो म्हणाला, हे तीन हजार घराचे धरा. लातूरकरने त्याला लाइटचा इतिहास ॲपमध्ये उघडायला लावला. त्यातले १,९०० दूध-भाजीचे होते. बाकीचे चहा, वडापाव, बसचं तिकीट आणि थोडी शिल्लक. जळगावकरचा हेतू वाईट नव्हता. पैसे भरणं आणि खर्च करणं या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात एकच झाल्या होत्या.

रोख रकमेचं तसंच. मावशींचा महिन्याचा पगार ६,०००. त्यातले ४,००० कोल्हापूरकरने त्यांच्या मुलाच्या नंबरवर पाठवले, आणि त्यांना मध्येच पैशांची गरज पडली म्हणून २,००० रोख दिले. स्टेटमेंटमध्ये हे दोन हजार म्हणजे एटीएममधून काढलेल्या पाच हजारांचा एक भाग. यादी याबद्दल मुकी आहे. मावशींना विचारून खात्री केली, तेव्हा ते धरले गेले. ज्यांच्याकडे रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलेलं आहे त्यांचे व्यवहार तर बचत खात्यात दिसतच नाहीत, कार्डाच्या बिलात येतात. या घरात तसं कार्ड कुणाकडे नव्हतं.

आणि उलट परत आलेले पैसे. दहा मिनिटांत घरपोच आणून देणाऱ्या एका कंपनीकडून नागपूरकरने ६८० रुपयांचं सामान मागवलं. त्यातलं ८० रुपयांचं दही आलंच नाही, ते पैसे तीन दिवसांनी परत जमा झाले. जाणारी ओळ आणि येणारी ओळ यांच्यात पंधरा ओळींचं अंतर. जाणाऱ्या ओळी पाहताना येणाऱ्या ओळीही तितक्याच लक्षपूर्वक वाचल्या नाहीत तर परतावा हमखास सुटतो. फसलेल्या व्यवहाराचंही असंच होतं: खात्यातून वजा, समोरच्याला नाही, मग पुन्हा जमा. दोन व्यक्तींमधल्या व्यवहारात असे पैसे दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यावेत, नाहीतर बँकेने दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ पासूनचा नियम आहे. हिशोबापुरतं एवढंच की या दोन ओळी एकमेकींना खातात, दोन्ही सोडून द्यायच्या.

स्टेटमेंट म्हणजे डायरी

चौघांची स्टेटमेंट एका लॅपटॉपवर उघडून टाकली की काम पटकन होईल, असं मला वाटलं होतं. लातूरकरने ते साफ नाकारलं आणि त्याचं बरोबर होतं. महिन्याच्या यादीत माणूस पूर्ण दिसतो. गावी आईला पाठवलेले पैसे, कर्जाचा हप्ता, डॉक्टर, कुणासोबतचा सिनेमा, रात्री एक वाजता मागवलेलं खाणं. घरखर्च काढायला यातलं काहीही दुसऱ्याला दिसायची गरज नाही.

त्यांची पद्धत अशी: प्रत्येकजण स्वतःची यादी स्वतःच वाचतो आणि त्यातल्या फक्त घराच्या ओळी मोठ्याने सांगतो. तारीख, रक्कम, कशाचे. कोल्हापूरकर त्या एका शीटमध्ये लिहितो. कुणाला शंका आली तर त्या एकाच ओळीचा बारा आकडी क्रमांक मागायचा, पूर्ण पान मागायचं नाही. मिश्र खरेदी असेल तर, म्हणजे एकाच बिलात घरचे तांदूळ आणि स्वतःचा शाम्पू, ऑर्डरचं बिल उघडून शाम्पू वगळायचा.

तासाभरात शीटवर सहा खर्च उभे राहिले. भाडं ३२,०००, घरमालकाला एकरकमी लातूरकरने दिलं, कारण अकरा महिन्यांच्या करारावर पहिलं नाव त्याचं. वीज ३,४००, जळगावकरने भरली. वायफाय ९०० आणि मावशींचे ६,००० कोल्हापूरकरने दिले. मटण-चिकन १,५००, नागपूरकर. दूध, भाजी, किराणा मिळून ७,७००. यात जळगावकरचे ४,१००, कोल्हापूरकरचे १,६००, लातूरकरचे १,२०० आणि नागपूरकरचे परतावा वजा जाता ८००. एकूण ५१,५००.

जळगावकरच्या घराच्या ओळी चाळीसच्या वर भरल्या. लातूरकरच्या फक्त पाच.

भागिले चार नव्हे

इथवर यादीने साथ दिली. कुणी, कधी, किती, हे तिने सांगितलं. कुणासाठी, हे ती सांगू शकत नाही. ५१,५०० भागिले चार म्हणजे १२,८७५, संपला विषय, असं करणारी घरं खूप आहेत आणि सहा महिन्यांत त्यातलं कुणीतरी घर सोडतं.

आधी भाडं. या फ्लॅटमधली एक खोली मोठी आहे, तिला स्वतंत्र बाथरूम, बाल्कनी आणि मालकाने बसवलेला जुना एसी आहे. तिथे नागपूरकर आणि कोल्हापूरकर राहतात. लहान खोलीत लातूरकर आणि जळगावकर. मोठीचे १८,००० आणि लहानीचे १४,००० हा आकडा त्यांनी चौरस फूट मोजून काढला नव्हता. राहायला आले तेव्हा त्यांनी एक खेळ केला. दोन्ही खोल्या सोळा-सोळा हजारांना धरल्या, तर कोण कुठली घेईल? चौघांनीही मोठी मागितली. मग मोठी सतरा, लहान पंधरा. तरी तिघांना मोठीच हवी. अठरा-चौदाला लातूरकर म्हणाला, मग मला लहान चालेल, आणि दोन-दोन अशी विभागणी झाली. ज्याला जे मिळालं त्यात दुसऱ्याचा हेवा वाटू नये अशी किंमत अशाच विचारण्यातून सापडते. फ्रान्सिस सू या अमेरिकन गणितज्ञाने १९९९ मध्ये भाड्याच्या वाटणीवर लिहिलेल्या शोधनिबंधात अशी किंमत काही साध्या अटींवर नेहमी असते, असं सिद्ध केलं आहे. या चौघांनी तो वाचलेला नाही. म्हणजे मोठ्या खोलीत माणशी ९,०००, लहानीत ७,०००.

विजेवर मात्र पाऊण तास गेला. एप्रिलचं बिल ३,४००, फेब्रुवारीचं होतं १,४००. लातूरकरचं म्हणणं, वाढलेले दोन हजार एसीचे, ते मोठ्या खोलीने द्यावेत. कोल्हापूरकर म्हणाला, "लगा, उन्हाळ्यात पंखे तुमचेबी रातभर फिरत्यात. फ्रीजबी जास्त खातोय." हे खरं आहे. पंखा साधारण पाऊणशे वॉट खातो, रात्रभर चाललेले चार पंखे महिन्याला दुर्लक्ष करण्याइतके कमी नसतात. नागपूरकरने तिसराच मुद्दा काढला: एसीचे युनिट काढा आणि बिलाच्या सरासरी दराने गुणा. ऐकायला हे न्याय्य वाटतं, पण महावितरणचा दर सपाट नाही. शंभर, तीनशे, पाचशे युनिट अशा टप्प्यांनी तो चढत जातो. एसीमुळे बिल वरच्या टप्प्यात गेलं, तर महाग युनिट एसीमुळे आले. सरासरी दर लावला की त्या महागाईचा काही भाग एसी नसलेल्यांच्या गळ्यात पडतो. म्हणून 'एसी नसता तर बिल किती आलं असतं' हा प्रश्न विचारणं मला जास्त योग्य वाटतं. शेवटी त्यांनी तोच धरला. एसी नसता तर पंखे-फ्रीजचे दोनशे धरून १,६०० आलं असतं, माणशी ४००. उरलेले १,८०० एसीचे, मोठ्या खोलीत माणशी ९००. म्हणजे मोठ्या खोलीतल्या दोघांना १,३०० आणि लहानीतल्या दोघांना ४००.

"नागपूरचा माणूस पुण्याच्या उन्हाला एसी लावतो," जळगावकर म्हणाला. नागपूरकरने उत्तर दिलं नाही.

त्याचे दहा दिवस मात्र तिथेच वर आले. तो नव्हता, म्हणून सगळ्यातून एक तृतीयांश कापा, अशी त्याची मागणी. इथे लातूरकरने जी रेघ ओढली ती मला पटली: माणूस नसल्यावर जो खर्च खरंच कमी होतो त्यातूनच कापायचं. भाडं कमी झालं नाही, वायफाय कमी झालं नाही. मावशींनी दहा दिवस तीन माणसांच्या पोळ्या केल्या, पण पगार महिन्याचा असतो आणि त्यांनी तो तसाच घ्यावा हे योग्य. किराणा-भाजी मात्र खरंच कमी लागली. एसीबद्दल नागपूरकर म्हणू शकला असता की दहा रात्री तो कोल्हापूरकर एकट्यासाठी चालला, पण तो त्याने मुद्दा केला नाही आणि कोल्हापूरकरनेही आठवण करून दिली नाही.

किराण्यासाठी त्यांनी जेवणाचे दिवस मोजले. तिघांचे तीस-तीस, नागपूरकरचे वीस. एकूण ११० दिवस, ७,७०० रुपये, म्हणजे दिवसाला ७०. तिघांचे २,१०० प्रत्येकी, नागपूरकरचे १,४००. जळगावकर शाकाहारी आहे, त्यामुळे मटणाचे १,५०० उरलेल्या तिघांत, माणशी ५००. वायफाय २२५, मावशी १,५००, सगळ्यांना समान.

प्रत्येकाचा वाटा झाला असा: नागपूरकर १३,९२५, कोल्हापूरकर १४,६२५, लातूरकर ११,७२५, जळगावकर ११,२२५. बेरीज ५१,५००, खर्चाइतकी.

आपसातले पैसे

आता प्रत्येकाने भरलेले पैसे आणि त्याचा वाटा यांची वजाबाकी करायची. पण त्याआधी शीटमध्ये अजून एका प्रकारच्या ओळी होत्या, आणि माझ्या मते सर्वात जास्त घोटाळे यांच्यामुळेच होतात. महिन्याच्या सुरुवातीला नागपूरकरने लातूरकरला भाड्यापोटी ९,००० पाठवले होते, कोल्हापूरकरने ८,०००. हे घराचे खर्च नाहीत. लातूरकरने मालकाला दिलेल्या ३२,००० मध्ये ते आधीच आहेत. खर्चात पुन्हा धरले तर एकूण सतरा हजारांनी फुगतं. आणि अजिबात न धरता सोडून दिले तर नागपूरकरचे नऊ हजार हवेत जातात.

नियम सोपा आहे. देणाऱ्याच्या 'भरले' या रकान्यात ती रक्कम मिळवायची आणि घेणाऱ्याच्या रकान्यातून तेवढीच वजा करायची. घराचा एकूण खर्च तसाच राहतो, फक्त तो कुणाच्या खिशातून गेला हे बदलतं. लातूरकरने ३३,२०० भरले, पण सतरा हजार त्याच्याकडे आले, म्हणून त्याचे खरे १६,२००. नागपूरकरचे २,३०० अधिक ९,००० म्हणजे ११,३००. कोल्हापूरकरचे ८,५०० अधिक ८,०००, १६,५००. जळगावकरचे ७,५००, त्याने कुणाला काही पाठवलं नव्हतं. नागपूरकरने कोल्हापूरकरला क्रिकेटच्या तिकिटाचे ६०० दिले होते, ते त्या दोघांचं. घराच्या शीटमध्ये ते आलेच नाहीत.

शून्य आलं पाहिजे

भरलेल्यातून वाटा वजा केला की ज्याचं उत्तर अधिक, त्याला येणं, ज्याचं उणे, त्याला देणं. चौघांची उत्तरं मिळवली की शून्य यायलाच हवं, कारण एकाने जास्त भरले ते दुसऱ्याने कमी भरलेलेच असतात.

पहिल्या फेरीत शून्य आलं नाही. १६,००० जास्त आले. मुलं पुन्हा एकेक ओळ तपासायला निघाली होती, पण जुन्या पेढीवरच्या मुनिमांची एक युक्ती इथेही चालते: फरकाची रक्कम एखाद्या व्यवहाराइतकी असेल तर तो एकाच बाजूला नोंदला गेला, आणि फरकाची निम्मी रक्कम एखाद्या व्यवहाराइतकी असेल तर तो चुकीच्या चिन्हाने नोंदला गेला. १६,००० चे निम्मे ८,०००. कोल्हापूरकरने स्वतःचे आठ हजार स्वतःला मिळवले, आणि लातूरकरलाही वजा करण्याऐवजी मिळवले होते. चिन्ह बदललं, शून्य आलं.

या शून्यावर फार विसंबू नये हेही सांगायला हवं. विसरलेला खर्च ते पकडत नाही. पाण्याच्या जारचे पैसे कुणी सांगितलेच नाहीत, तर ते भरण्यातही नाहीत आणि वाट्यातही नाहीत, बेरीज तरीही शून्यच येते. त्यासाठी उपाय एकच: मागच्या महिन्याची खर्चांची नावं शेजारी ठेवायची आणि या महिन्यात कुठलं नाव नाही ते पाहायचं. गॅस सिलिंडर असा आठवला. एप्रिलमध्ये घेतलाच नव्हता, मार्चचा अजून चालू होता.

उत्तर आलं ते असं. लातूरकरला ४,४७५ येणं. कोल्हापूरकरला १,८७५ येणं. नागपूरकरचं २,६२५ देणं. आणि रोज पिशवी घेऊन बाहेर पडणाऱ्या जळगावकरचं देणं सगळ्यांत जास्त, ३,७२५.

तो बराच वेळ शीटकडे पाहत राहिला. "चाळीस वेळा फोन काढला मी," तो म्हणाला. त्या चाळीस वेळांचे मिळून ४,१०० होतात आणि त्याने भाड्याचे सात हजार लातूरकरला दिलेच नव्हते. दिलेल्याची आठवण प्रसंगांच्या संख्येवर राहते, रकमेवर नाही. त्याच्या धावपळीला मोल नाही असं मला म्हणायचं नाही. रोज बाजारात जाणं हे काम आहे आणि त्यासाठी त्याला भांड्यांच्या पाळीतून सूट द्यावी, असं लातूरकरने तिथल्या तिथे सुचवलं. पण ते काम आहे, खर्च नाही. दोन्ही एका रकान्यात मावत नाहीत.

तीन व्यवहार

कोणी कुणाला पाठवायचे हे ठरवताना नवखी माणसं जोड्या लावत बसतात: वायफायचे मी तुला, दुधाचे तू मला, विजेचे त्याने मला. चौघांत सहा जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीत दोन्हीकडून देणीघेणी. अंतिम अधिक-उणे हातात आल्यावर याची गरजच उरत नाही. सर्वात मोठं देणं सर्वात मोठ्या येण्याला लावायचं, जे उरेल ते पुढच्याला. जळगावकरने लातूरकरला पूर्ण ३,७२५ दिले. लातूरकरचे ७५० उरले, ते नागपूरकरने दिले. नागपूरकरचं १,८७५ देणं उरलं, ते कोल्हापूरकरला. झाले तीन व्यवहार. माणसं कितीही असोत, या रीतीने व्यवहार माणसांच्या संख्येपेक्षा किमान एकने कमीच होतात, कारण प्रत्येक व्यवहारात किमान एकाचा हिशोब पुरता मिटतो.

नागपूरकर अडला. "काहून बे? कोल्हापूरकरला काहून देऊ? त्याचं माझ्याकडे काय आहे?" प्रश्न रास्त होता. अशा वाटणीत आपण ज्याच्याकडून थेट काही घेतलं नाही असं वाटतं त्यालाही पैसे द्यावे लागतात. कोल्हापूरकरने मावशींचा आणि वायफायचा सगळा भार उचलला होता, नागपूरकरने खाल्लेल्या वीस दिवसांच्या पोळ्या त्यातच होत्या. शीटवर त्या दोन ओळी दाखवल्यावर त्याने फोन काढला.

पूर्वी असल्या वेळी येणं असलेला माणूस समोरच्याला ॲपमधून मागणीची विनंती पाठवायचा आणि समोरचा पिन घालून मोकळा व्हायचा. व्यक्तीने व्यक्तीला अशी विनंती पाठवण्याचा मार्ग फसवणुकीमुळे यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केला. आता देणाऱ्यानेच पाठवायचे, आणि देताना शेऱ्यात 'एप्रिल पूर्ण' असं लिहायचं. पुढच्या महिन्यात हीच ओळ पुन्हा समोर येते तेव्हा ती मेच्या भाड्याची की एप्रिलच्या फेडीची, हे त्या दोन शब्दांशिवाय कळत नाही.

जो सोडून जातो

जूनमध्ये जळगावकरची बंगळुरूला बदली होणार आहे. निघण्याच्या दिवशी हिशोब केला की संपलं असं त्याला वाटतं, पण विजेचं बिल वापरानंतर येतं. तो गेल्यावर जे बिल येईल त्यात त्याचेही दिवस असतील. याला उपाय म्हणजे निघायच्या दिवशी मीटरच्या आकड्याचा फोटो काढून ठेवायचा आणि बिल आल्यावर तेवढ्याच युनिटचा वाटा घ्यायचा. अनामत रकमेला तर मासिक शीटमध्ये जागाच नाही. ती खर्च नाही, मालकाकडून येणं आहे. त्याच्या जागी येणारा नवा मुलगा त्याला ती देईल आणि घर सोडताना मालकाने रंगाचे पैसे कापले तर ते नव्यानेच का सोसायचे, हा वाद तेव्हा निघेल. म्हणून जुना जाताना आणि नवा येताना भिंतींचे फोटो काढा, दोघांच्या सह्यांचा एक कागद करा आणि त्यावर अनामतीचा आकडा लिहा.

तुमच्या घरीही असे तीन-चार जण राहत असतील, तर पुढच्या महिन्याच्या पाच तारखेच्या आत बसा. दुसऱ्या महिन्याची यादी पहिल्यावर चढली की दूधवाल्याच्या बायकोचं नाव कुणालाच ओळखू येत नाही.